उसळी मोजावी, झोपून काढू नये

बटण दाबले की धातूचे संपर्क एका झटक्यात जुळत नाहीत. ते आपटतात, उसळतात, सुटतात आणि काही मिलिसेकंदांनी स्थिरावतात. यावर रूढ तोडगा असा: पहिला बदल दिसताच 10 मिलिसेकंद थांबा, पुन्हा वाचा, बटण दाबलेलेच असेल तर एक मोजा आणि ते सुटण्याची वाट पाहा.

पूर्वपक्ष दुबळा नाही. पुष्कळ लहान बटणांची उसळी 10 मिलिसेकंदांच्या आत संपते, कोड चार ओळींचा होतो आणि टेबलावर तो बिनबोभाट चालतो. पण मग 'थांबणे' म्हणजेच 'तपासणे' हे कोणी ठरवले? त्या 10 मिलिसेकंदांत संपर्काचे काय झाले, हे त्या पद्धतीला कळतच नाही. ती दोन क्षण पाहते आणि मधला काळ गृहीत धरते.

50 मेगाहर्ट्झच्या एफपीजीए बोर्डावर हाच तोडगा बसवून पाहा. बटण दाबले, 10 मिलिसेकंद गेले, एक मोजला. बोट अजून बटणावरच आहे. इतक्यात शेजारचा रिले चालू होतो आणि त्याच्या गोंगाटाने इनपुट 3 मायक्रोसेकंद 'सुटल्या'सारखे दिसते. सुटण्याची वाट पाहणारे सर्किट फसते. बटण सुटले, असे मानून ते नव्या दाबाच्या शोधात जाते. लगेच 'दाबलेले' दिसते, पुन्हा 10 मिलिसेकंद, आणि दोन मोजले. बटण तर एकदाच दाबले होते!

आता काउंटर पाहा. येथे `s` म्हणजे दोन फ्लिप-फ्लॉपमधून क्लॉकशी जुळवून घेतलेले इनपुट, `out` म्हणजे मान्य झालेली स्थिती:

```verilog
always @(posedge clk)
  if (s == out) cnt <= 0;
  else if (cnt == 499999) begin
    out <= s; cnt <= 0;
  end else cnt <= cnt + 1;
```

इनपुट मान्य स्थितीपेक्षा वेगळे असेल तेव्हाच मोजणी चालते. एका ठोक्याला 20 नॅनोसेकंद. सलग 5 लाख ठोके वेगळेपण टिकले, म्हणजे 10 मिलिसेकंद, तरच `out` बदलते. रिलेच्या त्या 3 मायक्रोसेकंदांत काउंटर जेमतेम 150 पर्यंत चढतो आणि शून्यावर येतो. उसळी 4 मिलिसेकंद चालली तर दाब सुमारे 14 व्या मिलिसेकंदाला मान्य होतो. 12 चालली तर 22 व्या. विलंबाची पद्धत काळ पहिल्या बदलापासून धरते, काउंटर शेवटच्या. सारा वाद एवढ्यावर आहे.

'मग विलंबच 50 मिलिसेकंद करू,' असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की रिलेची ती खोड त्याने कशी जाते. जात नाही, दुसरा खोटा दाब फक्त उशिरा मोजला जातो. खर्चाचा आक्षेपही टिकत नाही: 5 लाखांसाठी 19 बिटांचा काउंटर पुरतो.

दोन अपवाद मात्र मान्य करायला हवेत. दोन बाजूंचे संपर्क असलेला स्विच एसआर लॅचला जोडला, तर उसळीसाठी काउंटर नकोच. आणि झिजलेल्या बटणाचा संपर्क दाबून धरलेला असतानाच 10 मिलिसेकंदांहून अधिक काळ सुटत असेल, तर हा काउंटरही त्याला खरे सुटणे समजेल. तेथे मर्यादा वाढवावी, नाहीतर बटण बदलावे.