डागी मालाची कुळकथा

कापडाच्या दुकानात ज्याला ‘डागी’ अथवा अलीकडच्या बोलीत ‘सेकंड’ म्हणतात, त्या मालाची कुळी शोधू लागले असता प्रथम घोड्यांच्या तबेल्यात जावे लागते, हे वाचकास कदाचित विचित्र वाटेल. ‘डाग’ या शब्दाच्या एका बाजूस संस्कृतातील ‘दाह’ उभा आहे आणि दुसऱ्या बाजूस फार्सीतील ‘दाग’, म्हणजे तापलेल्या लोखंडाने उमटविलेली खूण. अलाउद्दीन खल्जीने आपल्या स्वारांच्या घोड्यांना असा दाग देण्याची पद्धत सुरू केली, आणि पुढे अकबराच्या अमदानीतही ती चालली, ती मुळी एका ठकबाजीस पायबंद बसावा म्हणून. कारण हजिरीच्या दिवशी उमदे जनावर दाखवावयाचे, तनखा त्याचा घ्यावयाचा आणि मोहिमेवर मात्र एखादे मरतुकडे तट्टू न्यावयाचे, ही शिपाईगड्यांची जुनी कला होती. आज ज्या शब्दाने आपण न्यूनता सांगतो, तो शब्द एके काळी अस्सलपणाची सरकारी शहादत होता.

दाखविले एक आणि दिले दुसरे, या अपराधाची जाण आपल्या धर्मशास्त्रासही होती. निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याकडून दुप्पट किंमत वसूल करावी आणि तेवढाच दंडही घ्यावा, असे नारदस्मृती सांगते. यातील रोख लक्षात घेण्याजोगा आहे. दोषयुक्त वस्तू विकणे हा येथे गुन्हा नाही. दोष झाकणे हा गुन्हा आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्याबैलांचा जो प्रचंड बाजार भरतो, त्या बाजाराच्या भाषेतही ‘खोड’ आणि ‘ऐब’ हे शब्द याच भेदावर उभे आहेत: बैल बसका आहे हे आधी सांगितले तर तो कमी किमतीचा बैल, आणि न सांगितले तर तो भांडणाचा बैल.

परंतु कारखान्यातील दोषाची गोष्ट निराळी. तेथे दोष जन्मास येताना पाहणारा मनुष्य एक आणि तो विकणारा दुसराच. नांदेडास निजामाच्या राजवटीत, मीर उस्मान अली खानांच्या नावाने उभी राहिलेली उस्मानशाही मिल जुन्या पिढीच्या अनेकांस आठवत असेल; गोदाकाठच्या कापसावर चाललेली ही गिरणी 1974 च्या कायद्याने राष्ट्रीयीकरणात आली आणि पुढे बंदही पडली. अशा कोणत्याही गिरणीत साच्यावरून उतरलेला ताका घडी-खात्यात येतो, उजेडासमोर ओढून पाहिला जातो आणि तेथे त्याचे दैव ठरते. उभा धागा तुटून तसाच पुढे गेला असेल तर लांबच लांब रेघ दिसते. आडवा धागा चुकला असेल तर आडवी विरळ पट्टी पडते. धागे एकमेकांत न गुंतता मोकळे तरंगत राहिले तर जाळे होते. आणि यंत्राच्या तेलाचा थेंब पडला तर तो शब्दशः डाग.

या सदोष कापडाचा पहिला गिऱ्हाईक कोण होता, हे ठाऊक असलेले लोक आता थोडेच उरले असतील. तो होता स्वतः विणकर. मुंबईच्या गिरण्यांत बिघडलेले कापड विणणाऱ्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची वहिवाट होती, आणि कामगारांच्या गाऱ्हाण्यांत ती सतत येत असे. सूत निकृष्ट होते की साचा जुना होता, याची चौकशी कोण करणार? 1936 च्या वेतन-कायद्याने या मनमानीस काहीसा लगाम घातला: झालेल्या नुकसानीहून अधिक रक्कम कापू नये आणि कापण्यापूर्वी कामगारास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे ठरले. माझ्या मते उघड सवलतीच्या कल्पनेचे खरे बीज येथे आहे, कारण दोषाची किंमत रागाने न ठरविता मोजून ठरवावी लागते, हे तत्त्व या निमित्ताने कायद्याच्या पुस्तकात आले.

मोजण्याची युक्ती मात्र विलायतेच्या लोकरी कापडाच्या पेठेतून आली, आणि ती इतकी साधी आहे की तिचे कौतुक वाटते. तपासनीस दोष सापडताच त्या जागी कापडाच्या काठाला रंगीत दोरा बांधून ठेवी; घेणारा दोरे मोजी, आणि प्रत्येक दोऱ्यामागे ठरलेली लांबी मोबदला म्हणून वजा होई. पुढे कापड-तपासणीत दोषांस गुण देण्याची पद्धत रूढ झाली. तीत तीन इंचांपर्यंतच्या दोषास एक गुण आणि नऊ इंचांवरील दोषास चार. जितके गुण अधिक तितकी प्रत हीन. मला स्वतःला दोराच अधिक आवडतो, कारण गुणांच्या बेरजेत दोष किती हे कळते, पण कोठे हे कळत नाही. आणि ‘कोठे’ हाच तर कापडाचा खरा प्रश्न आहे.

उदाहरण घेऊ. 21 मीटरचा ताका आहे आणि एका सदऱ्यास अडीच मीटर कापड लागते. निर्दोष ताक्यातून आठ सदरे निघून एक मीटर उरते. आता त्यात एकच जाळे आहे, आणि ते काढण्यास पाव मीटर कापावे लागते. ते जाळे बरोबर पाचव्या मीटरानंतर असेल, तर अलीकडच्या पाच मीटरांत दोन आणि पलीकडच्या पावणेसोळा मीटरांत सहा, असे आठच्या आठ सदरे निघतात. नुकसान फक्त उरलेल्या तुकड्याचे. तेच जाळे सातव्या मीटरानंतर असेल, तर सात मीटरांत दोन आणि पावणेचौदा मीटरांत पाच, म्हणजे सातच सदरे होतात. दोष तोच, लांबी तीच, पण एका ताक्याची खोट जवळजवळ शून्य आणि दुसऱ्याची आठात एक, म्हणजे जुन्या हिशेबाने रुपयास दोन आणे. त्यातूनही हाती राहिलेल्या सव्वातीन मीटर तुकड्यांत लहान मुलांचे कपडे बसत असल्याने न्याय्य सूट दोन आण्यांच्या थोडी आतच. जो दुकानदार दोन्ही ताक्यांवर ‘सेकंड, निम्मी किंमत’ अशी एकच पाटी लावतो, तो उदार दिसतो खरा, परंतु गिऱ्हाइकाच्या मनात ‘निम्मी का? आणखी काय लपले आहे?’ हा संशयही तोच पेरतो.

नांदेडच्या वजिराबादेतील एक वृद्ध कापडवाले मला आठवतात. ताका उलगडण्यापूर्वीच ते म्हणत, “साहेब, सात मीटरवर जाळं आहे, आधी ते बघा, मग भाव बोलू.” भाव नंतर फारसा बोलावाच लागत नसे.

मात्र या उघडेपणासही मर्यादा आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने माल तपासला असेल, तर तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते, त्यांची गर्भित हमी विक्रेत्यावर राहत नाही. जाळे दिसते, तेलाचा डाग दिसतो. कच्चा रंग आणि कुजके सूत दिसत नाही, आणि नेमके तेच दोष धुतल्यावर बाहेर येतात. तेव्हा सांगण्याचे खरे कर्तव्य न दिसणाऱ्या दोषांबाबतच आहे, आणि हे दोष असतील तर माल ‘सेकंड’ न म्हणता स्पष्टपणे ‘कच्च्या रंगाचा’ म्हणूनच विकावा. घेणाऱ्याने ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून पाहावा, कापड उजेडासमोर धरावे, उभे-आडवे ताणून पाहावे, आणि मग दुकानदारास किती टक्के सूट हे विचारण्याआधी एवढेच विचारावे: दोष कितव्या मीटरवर आहे?