विद्युत जोडणी-आकृतीचे मराठी रूपांतर

विद्युत जोडणी-आकृतीचे मराठी रूपांतर : यंत्राच्या पेटीवर चिकटवलेल्या किंवा माहितीपत्रकात छापलेल्या जोडणी-आकृतीचा फोटो काढून तिच्यातील मजकूर मराठीत आणणे. यात वर्णनाचे शब्द बदलतात. घटकांचे व टर्मिनलांचे संकेत अक्षरशः तसेच राहतात. नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या शेतीच्या तालुक्यात याचे जवळचे उदाहरण म्हणजे थ्री-फेज पंपाचा स्टार-डेल्टा स्टार्टर. पुढील विवेचन त्यावरच आधारले आहे.

मजकूर आणि संकेत. आकृतीतील ‘मुख्य काँटॅक्टर’, ‘ओव्हरलोड रिले’, ‘चालू’, ‘बंद’ हे शब्द वर्णनाचे असल्याने ते मराठीत येतात. KM1, A1, 95, U2 हे संकेत मात्र त्या-त्या भागावर उमटवलेले असतात आणि वायरमन आकृतीतील खूण समोरच्या टर्मिनलाशी ताडून पाहतो. U2 चे ‘यू२’ केले, तर ताडून पाहायला काही उरत नाही. म्हणून मराठी नाव संकेताच्या शेजारी लिहितात, त्याच्या जागी नाही. अंकांनाही अर्थ असतो. ओव्हरलोड रिलेचा 95-96 हा संपर्क एरवी जोडलेला असतो आणि भार वाढताच तुटून काँटॅक्टरची कॉइल बंद करतो. 97-98 याच्या उलट चालतो, आणि त्यावर सहसा इशाऱ्याचा दिवा जोडतात.

रंग. भारतात रूढ पद्धतीने R, Y, B या फेजांसाठी लाल, पिवळी व निळी वायर, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थिंगसाठी हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर वापरतात. युरोपीय आकृतीत फेज तपकिरी, काळ्या व करड्या असतात आणि न्यूट्रल निळी असते. म्हणजे तिथली काळी वायर जिवंत फेज आहे. अशा आकृतीतील BK चे रूपांतर ‘काळा’ एवढेच करायचे. त्यावरून ‘न्यूट्रल’ असे लिहिणे जीवघेणे ठरू शकते. एकेरी अक्षरेही फसवतात. पंपाच्या आकृतीत B म्हणजे निळी फेज, तर जपानी वळणाच्या वाहन-आकृत्यांत B म्हणजे काळा आणि L म्हणजे निळा. अर्थ त्याच आकृतीच्या सूचीवरून ठरवावा लागतो.

फोटोतील दोष. पिवळसर दिव्याखाली पांढरी रेघ पिवळी दिसते आणि गडद निळी काळी भासते. त्यामुळे रंग फोटोतल्या छटेवरून न घेता छापील अक्षरांवरून घेतात. B व 8, S व 5, U व V यांची गल्लत नेहमीची आहे. झाकणावर फ्लॅशचा उजेड परावर्तित होऊ न देता एक पूर्ण फोटो आणि तुकड्या-तुकड्यांचे जवळून फोटो घेतात. न वाचलेल्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती खूण प्रत्यक्ष टर्मिनलावर पाहतात. अंदाजाने भरत नाहीत.

एक उदाहरण. स्टार-डेल्टा मोटारीला सहा टोके असतात. सबमर्सिबल पंपात ती बहुधा दोन तीन-पदरी केबलींतून वर येतात आणि दोन्ही केबलींत लाल, पिवळा, निळा हेच रंग असतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून टोक ठरत नाही, संकेत लागतोच. डेल्टातील जोडणी अशी :

```
U1 - W2
V1 - U2
W1 - V2
```

समजा, रूपांतरात U2 आणि V2 यांची अदलाबदल झाली. स्टारमध्ये U2, V2, W2 एकत्रच जोडलेले असल्याने मोटार नीट सुरू होते आणि चूक दडून राहते. डेल्टावर जाताच V1 व V2 एकाच फेजवर येतात, म्हणजे ती गुंडाळी स्वतःवरच बंद होते. उरलेल्या दोन गुंडाळ्या R आणि B या फेजांमध्येच अडकतात. मोटार घुमते, दम सोडते आणि रिले ट्रिप होतो. टाँग टेस्टर येणाऱ्या Y वायरवर जवळपास शून्य दाखवतो, तर R व B वर जास्त प्रवाह दिसतो. याला अनेकदा ‘फेज गेला’ समजतात. पण पुरवठ्याच्या टर्मिनलांवर तिन्ही फेजांमधला दाब बरोबर असेल आणि बिघाड फक्त डेल्टातच दिसत असेल, तर शंका जोडणीवर घ्यावी.

पडताळणी. मूळ फोटो व मराठी प्रत यांतील संकेत एकेक करून ताडतात. प्रत्येक संकेत दोन्हीकडे तितक्याच वेळा आला पाहिजे. नंतर पुरवठा तोडून, सहाही टोके सोडवून मल्टिमीटर लावतात. U1-U2, V1-V2 आणि W1-W2 या जोड्यांतच सातत्य मिळाले पाहिजे. U1-V1 मध्ये मिळता कामा नये. या चाचणीने टोकांच्या जोड्या कळतात, पण जोडीतले सुरुवातीचे टोक कोणते हे कळत नाही. केबलीवरची खूण पुसली असेल, तर त्यासाठी गुंडाळीच्या ध्रुवतेची वेगळी चाचणी करावी लागते.