ग्रेगरीची चूक आणि माझी चूक

माझी नोकरी तोफखान्यात झाली. तिथे पहिल्याच महिन्यात एक नियम अंगी मुरतो: हजार मीटरवरच्या वस्तूकडे पाहताना कोन एक मिलने बदलला, तर बाजूचे अंतर साधारण एक मीटरने बदलते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर लहान कोनाचा टॅन्जेंट आणि रेडियनमधला कोन जवळजवळ सारखेच असतात. हे टॅन्जेंटच्या श्रेणीचे फक्त पहिले पद झाले. दहा अंशांवर या पदात सुमारे एक टक्का चूक येते. पुढची पदे घेतली तर किती लांब जाता येईल? आजची गोष्ट याच प्रश्नाची आहे, आणि तिच्यात दोन चुका आहेत. एक साडेतीनशे वर्षांपूर्वीची, दुसरी माझी.

नात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी मी टेलर आणि मॅक्लॉरिन श्रेणींचा सराव-कागद तयार करत होतो. साइन, कोसाइन, घातांकी फलन झाले. टॅन्जेंटसाठी मात्र मी पाठ्यपुस्तक सोडून इतिहासाच्या वाचनातून उतरवून घेतलेली श्रेणी लिहिली:

tan x = x + x³/3 + 2x⁵/15 + 17x⁷/315 + 3233x⁹/181440 + ...

मग दहा अंश घालून पाहिले. कॅल्क्युलेटरवरचे उत्तर आठ दशांश स्थळांपर्यंत जुळले. मी समाधानाने कागद तिच्या हाती दिला. शेवटचा सहगुणक चुकीचा होता.

ही श्रेणी स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीची. १५ फेब्रुवारी १६७१ रोजी त्याने लंडनच्या जॉन कॉलिन्सला एक पत्र पाठवले आणि त्यात अनेक श्रेणी दिल्या. ज्या आर्कटॅन्जेंट श्रेणीचे श्रेय केरळच्या माधवाला ग्रेगरीच्या कितीतरी आधी जाते, तीही त्यात आहे. पण या श्रेणी कशा काढल्या, हे ग्रेगरीने सांगितले नाही. १६७५ साली, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी तो वारला. सर्वसाधारण नियम छापून आला तो ब्रूक टेलरच्या १७१५ च्या पुस्तकात. शून्याभोवतीच्या श्रेणीला ज्याचे नाव मिळाले त्या कॉलिन मॅक्लॉरिनचा ग्रंथ १७४२ चा, आणि त्याने स्वतः श्रेय टेलरला दिले आहे.

मग ग्रेगरीला टेलरची रीत ठाऊक होती का? या प्रश्नाचे उत्तर दिले त्याच्या चुकीनेच. बरोबर सहगुणक ६२/२८३५ आहे. इतक्या सोप्या रूपातला अपूर्णांक पाहून तो कुठून आला हे कळत नाही. पण ग्रेगरीच्या अपूर्णांकाचा छेद पाहा: १,८१,४४०. हा नऊ फॅक्टोरियलचा, म्हणजे ३,६२,८८० चा, बरोबर निम्मा आहे. टेलरच्या रीतीत नववा विकलज काढून त्याला नऊ फॅक्टोरियलने भागतात. अंश ३९६८ असता तर छेद उठून ६२/२८३५ उरले असते आणि पाऊलखूण पुसली गेली असती. ग्रेगरीने ३९६८ च्या जागी ३२३३ लिहिले. या आकड्याला काहीच उठत नाही, म्हणून छेद उघडा राहिला.

एच. डब्ल्यू. टर्नबुल यांनी ग्रेगरीचे कागद तपासले आणि १९३९ साली ते प्रसिद्ध केले. एडिंबरोच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून जानेवारी १६७१ मध्ये आलेल्या पत्राच्या मागच्या कोऱ्या जागेवर ग्रेगरीची आकडेमोड होती. त्यात टॅन्जेंटचे एकापाठोपाठ एक विकलज मांडले होते, आणि हीच चूक तिथेही होती. म्हणजे टेलरच्या ४४ वर्षे आधी ती रीत त्याच्या हातात होती. उत्तर बरोबर आले असते तर हे इतक्या खात्रीने म्हणता आले नसते.

आता माझ्या चुकीकडे येतो. दहा अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन. त्याचा नववा घात इतका लहान आहे की चुकीच्या सहगुणकामुळे उत्तरात फरक पडतो तो दहाव्या दशांश स्थळी. जिथे ते पद जवळजवळ शून्य आहे, तिथेच मी त्याची परीक्षा घेतली होती. ४५ अंशांवर टॅन्जेंट नेमका १ असतो. तिथे बरोबर श्रेणीची पाच पदे ०.९९९१७ देतात आणि ग्रेगरीची ०.९९८७१. दोन्ही एकपेक्षा थोडी कमी, दोन्ही दिसायला ठीक. किंमत घालून पाहणे एवढीच परीक्षा पुरत नाही.

नातीने दोन परीक्षा केल्या. पहिली अशी: टॅन्जेंटचा विकलज म्हणजे एक अधिक टॅन्जेंटचा वर्ग. डावीकडे x⁸ चा सहगुणक नवव्या सहगुणकाच्या नऊपट आहे. उजवीकडे वर्ग करताना x⁸ मिळते ते x गुणिले x⁷ आणि x³ गुणिले x⁵ या जोड्यांतून, प्रत्येकी दोनदा:

9a₉ = 2(17/315 + 1/3 × 2/15) = 2 × 31/315 = 62/315

म्हणून a₉ = ६२/२८३५. एका ओळीत निकाल.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडली. तिने प्रत्येक सहगुणकाला आधीच्याने भागले. ०.३३३, ०.४००, ०.४०५, आणि मग एकदम ०.३३०. “आजोबा, शेवटचा गडी रांगेतून बाहेर आहे,” ती म्हणाली. बरोबर सहगुणक घातला की गुणोत्तर ०.४०५ वर थांबते.

हे ०.४०५ कुठून आले? ४ भागिले π चा वर्ग, म्हणजे ०.४०५२८. टॅन्जेंट ९० अंशांवर, म्हणजे π/२ रेडियनवर, अनंताकडे जातो. त्याच कोनावर दोन लगतच्या पदांचे गुणोत्तर एक होते आणि श्रेणी कोसळते. सहगुणक तपासता तपासता श्रेणीची हद्दही हाती लागली.

हद्दीच्या आतही भरवसा सारखा नसतो. पाच पदे घेतली तर ४५ अंशांवर चूक हजारात एकापेक्षा कमी येते. ६० अंशांवर खरी किंमत १.७३२०५, श्रेणी देते १.७०५५६: दीड टक्का कमी. ७५ अंशांवर ३.७३२०५ च्या जागी ३.१७१२३ येते, ही चूक १५ टक्क्यांची.

इथे एक सवय फसवते. साइनच्या श्रेणीत चिन्हे आळीपाळीने बदलतात, म्हणून पदे लहान होत असली की सोडून दिलेल्या पहिल्या पदापेक्षा चूक मोठी नसते. टॅन्जेंटची सगळी पदे अधिक चिन्हाची आहेत, राहिलेली सगळी एकाच बाजूला साचतात. ७५ अंशांवर पाचवे पद ०.२४७ आहे, पण चूक ०.५६१, म्हणजे दुपटीहून जास्त. मात्र गुणोत्तर ठाऊक असल्याने या शेपटीचा हिशेब करता येतो. ७५ अंशांवर ते ०.६९४४ आहे. भूमितीय श्रेणीच्या नियमाने उरलेली बेरीज ०.२४६७७ × ०.६९४४ ÷ ०.३०५६, म्हणजे ०.५६०८. ती मिळवली की ३.७३२० येते. पाच पदांत जे निसटले होते ते परत मिळाले.

सराव-कागदावर मी ३२३३ खोडले नाही. शेजारी ६२/२८३५ लिहिले आणि खाली प्रश्न घातला: या दोघांपैकी खोटा कोणता, आणि दहा अंशांवर तो का पकडला गेला नाही?