घडी, खाच आणि भोकं

परवा भाच्याला नवोदयच्या परीक्षेचा सराव देत बसलो होतो. चौकोनी कागद दोनदा दुमडलेला, शेवटच्या घडीच्या कडेवर मधोमध एक त्रिकोणी खाच; उघडल्यावर कसा दिसेल? भाचेबुवांनी क्षणात उत्तर दिलं, "मामा, चार थर म्हणजे चार भोकं." उत्तर होतं दोन. त्याला समजावताना लक्षात आलं की मी स्वतः हा धडा फक्त पाठ केलाय. मग या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन आलो. ती गोष्ट मजेशीर आहे, म्हणून लिहितोय.

हा प्रश्न शंभरी ओलांडलेला आहे. 1904 मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या शिकवणीची गरज असलेली मुलं ओळखायची कशी, हा तिच्यापुढचा प्रश्न. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये त्यासाठी तीस कसोट्यांची मालिका तयार केली. शेवटच्या, अवघड कसोट्यांमध्ये ही कागदाची होती. कागदाची दोनदा घडी, कडेला त्रिकोणी काप, आणि उघडल्यावर काय दिसेल ते मुलाने चित्र काढून दाखवायचं. समोर चार पर्याय नाहीत!

आता भाच्याचाच प्रश्न बघू. घडी उघडायची ती उलट्या क्रमाने, शेवटची आधी. खाच नेमकी शेवटच्या घडीवर आहे, म्हणून ती घडी उघडली की त्रिकोणाचे दोन भाग जोडले जाऊन एक चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटीसारखं भोक होतं. मग पहिली घडी उघडली की त्याचं प्रतिबिंब पलीकडे पडतं. भोकं दोन, दोन्ही एकाच रेषेत, आपापल्या अर्ध्या भागाच्या मधोमध. चुका ठरलेल्या असतात. कुणी चौकटीऐवजी त्रिकोण काढतो, कुणी एकच भोक कागदाच्या बरोबर मध्ये.

हेच भोक घडीपासून दूर पाडलं असतं तर? समजा 20 सेंटीमीटरचा चौकोन. डावी बाजू उजवीवर, मग वरची खालीवर. भोक उभ्या घडीपासून 2 सेंटीमीटर उजवीकडे आणि आडव्या घडीपासून 3 सेंटीमीटर खाली. आडवी घडी उघडली की दुसरं भोक 3 सेंटीमीटर वर. उभी उघडली की दोन्हींची जोडी 2 सेंटीमीटर डावीकडे. चार भोकं, 4 बाय 6 च्या आयताच्या चार कोपऱ्यांवर. भाच्याचं चार हे उत्तर इथे बरोबर ठरलं असतं! थर मोजणं चूक नाही, पण खाच घडीवर असेल तर दोन थरांत मिळून एकच भोक होतं.

अमेरिकेत लुईस टर्मन यांनी 1916 मध्ये बिनेंच्या मालिकेची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. बिनेंची कागदकाप कसोटी त्यांनी थेट हुशार प्रौढांच्या पातळीवर नेऊन ठेवली. म्हणजे आपण जिथे अकरा वर्षांच्या पोराला 'सोप्पं आहे रे' म्हणतो, तिथे टर्मन इतके खात्रीत नव्हते.

पण मला भावली ती त्यांची चौदा वर्षांसाठीची दुसरी कसोटी. सहा कागद. पहिल्याची एक घडी, घडीवर खाच, "किती भोकं?" मुलाने काहीही सांगो, कागद त्याच्यासमोर उघडायचा: एक. दुसऱ्याच्या दोन घड्या: दोन. मग चार, आठ, सोळा... सहाव्यापर्यंत मुलाला नियम सापडला, की दर घडीला भोकं दुप्पट, तर तो पास. आधीची उत्तरं चुकली तरी चालतील. चुकत चुकत शिकतो का, हेच तर बघायचं होतं.

पुढे वि. वि. कामत यांनी धारवाडला याच आवृत्तीवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी बेतली; त्यांचं पुस्तक 1940 मध्ये आलं. तिकडे अमेरिकेत या प्रश्नाचे छापील, घड्याळ लावून सोडवायचे प्रकार निघाले. 1976 च्या एका प्रसिद्ध संचात वीस प्रश्न आहेत, दहा-दहाचे दोन भाग, प्रत्येकी तीन मिनिटं आणि पाच पर्याय. तिथे कधी कागदाचा फक्त कोपरा दुमडलेला असतो, म्हणून भोकाच्या जागी थर किती आहेत हे आधी बघावं लागतं. पण पर्याय आले की पळवाटही येते. नुसती भोकं मोजून दोन-तीन पर्याय उडवता येतात, चित्र डोळ्यांसमोर न आणताही.

आणि छापील प्रश्नात कागद कुणी उघडून दाखवत नाही. मूल चुकलं हे कळतं, का चुकलं हे कळत नाही. मदत कुणाला हवी हे शोधायला निघालेला प्रश्न आता कुणाला प्रवेश नाही हे ठरवायला मदत करतो.

असो. त्या संध्याकाळी आम्ही जुन्या वहीची पानं फाडली. पाचव्या घडीला कात्री चालेना, पण तिसऱ्यालाच भाचा ओरडला होता, "मामा, दुप्पट होतायत!" परीक्षेत त्याला कागद मिळणार नाही, ठाऊक आहे. पण आता डोळे मिटल्यावर त्याला निदान खरा कागद दिसेल.