कुंभारवाड्याची वाट : अंतर थोडे, वेळ फार

गोव्याच्या पूर्वसीमेपासून जोयडा तालुक्यातील कुंभारवाडा नकाशावर जवळच दिसतो. मध्ये मात्र सह्याद्रीचा कडा उभा असल्याने सरळ रस्ता नाही. एक तर मोले, अनमोड, रामनगर आणि जोयडा असा उत्तरेकडून वळसा घालावा लागतो, नाही तर कारवार, कद्रा आणि अणशी घाट अशी दक्षिणेकडची वाट धरावी लागते. उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या दर्शनाला जाणारा फाटाही कुंभारवाड्याहूनच फुटतो. या वाटांवर 'किती किलोमीटर?' या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाला फारसे उपयोगी पडत नाही.

कद्रा हे काळी नदीकाठचे, जवळजवळ समुद्रसपाटीचेच ठिकाण. अणशीचा घाटमाथा सुमारे पाचशे मीटर उंचीवर. भारतीय रस्ते मानकांनुसार डोंगराळ भागात चढ शक्यतो वीसास एक ठेवावा, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा संकेत आहे. या हिशेबाने पाचशे मीटर चढायला किमान दहा किलोमीटर रस्ता हवा. पायथा आणि माथा यांतील आडवे अंतर तेवढे नसते. म्हणून रस्ता डोंगराच्या कुशीत मागे-पुढे दुमडावा लागतो. जेथे तो दुमडतो तेथे चढ आणखी सौम्य ठेवावा लागतो, कारण तीव्र वळण घेताना गाडीची ओढण्याची ताकद घटते. अशा रीतीने प्रत्येक वळण रस्त्याच्या लांबीत भर घालते.

लांबीपेक्षा वेळ जास्त खातो तो वेग. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्याला अडवतात ती टायरांची पकड आणि रस्त्याला आतल्या बाजूस दिलेला उतार. म्हणून वळणाची त्रिज्या चौपट केल्यावर सुरक्षित वेग जेमतेम दुप्पट होतो. मानकांनुसार केसपिनी वळणाची आतली त्रिज्या किमान चौदा मीटर असावी लागते. तेवढ्या वळणावर सुरक्षित वेग ताशी वीस-एकवीस किलोमीटरच निघतो. छप्पन्न मीटरच्या वळणावर तो बेचाळीसपर्यंत जातो. इंजिन कितीही दणकट असो, या गणितात त्याला जागा नाही. त्याचा उपयोग दोन वळणांमधील तुकड्यावर, आणि तो तुकडा संपायच्या आतच ब्रेक दाबावा लागतो.

भरलेल्या ट्रकची अडचण वेगळी. पंचवीस टन वजन वीसास एक चढावर ओढताना चाकांपर्यंत शंभर किलोवॅट शक्ती पोहोचली, तरी वेग ताशी पंचवीसच्या आतच राहतो. ओलांडायला सरळ जागा नसल्याने मागची मोटारही तेवढ्याच गतीने सरकते. उतारावर वेळ वाचेल हा समज चुकीचा आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर उतरावे लागते. केवळ ब्रेकवर विसंबले तर तो तापून निकामी होतो. पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागणे आणि जळका वास येणे ही त्याची पूर्वसूचना.

घाटमाथा गाठल्यावरही वाट सरळ होत नाही. ओढ्यांच्या घळी टाळत ती डोंगराच्या कडेकडेने जाते. समोरची वस्ती डोळ्यांना दिसते, पण तिथवर पोहोचण्यासाठी घळीच्या तोंडापर्यंत आत जाऊन परत बाहेर यावे लागते. पावसाळ्यात धुके उतरले आणि वीस मीटरच दिसू लागले, तर गाडी वेळेत थांबण्यासाठी ताशी वीसहून अधिक वेग चालत नाही. एकच गाडी मावेल अशा अरुंद पट्ट्यात समोरून येणाऱ्यालाही थांबायचे असते, म्हणून तेथे दिसणारे अंतर दुप्पट लागते. दरड कोसळली तर हे सारे हिशेब बाजूलाच राहतात.

वेळेचा अंदाज चुकतो तो बहुधा सरासरीमुळे. साठ किलोमीटरची एक वाट कल्पावी. तीस किलोमीटर सपाटी ताशी पन्नासने, बारा किलोमीटर घाट वीसने आणि अठरा किलोमीटर डोंगरमाथा तीसने. प्रत्येक तुकड्याला छत्तीस मिनिटेच लागतात. एकूण एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे. अंतराच्या प्रमाणात वेगांची सरासरी काढणाऱ्याच्या मते सुमारे एक तास पस्तीस मिनिटे पुरायला हवीत! सपाटीवर वेग दहाने वाढवला तर सहा मिनिटे वाचतात. घाटात तो अवघ्या चारने वाढला तरी तेवढीच वाचतात. पण तो वाढत नाही, ही खरी गोम. म्हणून कारवारचे जिल्हा कार्यालय वा रुग्णालय गाठायचे असो, वा शेवटची बस, या भागात अंतर विचारण्याऐवजी त्यातला घाट किती, हे विचारणेच व्यवहार्य ठरते. रुग्णवाहिकेचा भोंगा घाटातील वळणाची त्रिज्या बदलू शकत नाही.