हंगामी उत्पन्न आणि आगाऊ कराचे चार हप्ते

गोव्याच्या किनारपट्टीवर ज्यांचा चरितार्थ पर्यटनावर चालतो, त्यांची वर्षाची कमाई ऑक्टोबर ते मे या काळात होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खोल्या रिकाम्या राहतात आणि गल्ल्यात नोकरांचे पगार व वीजबिल भागेल एवढेच येते. नेमक्या याच दिवसांत, १५ जून आणि १५ सप्टेंबरला, आगाऊ कराचे पहिले दोन हप्ते भरायचे असतात. एकल मालकीच्या व्यावसायिकाला त्यामुळे साहजिकच प्रश्न पडतो, की जे उत्पन्न अजून हाती आलेले नाही त्यावर कर कसा भरावा? याचे उत्तर कायद्याच्या रचनेतच आहे.

हप्ता तिमाहीचा नव्हे, वर्षाचा

मुळातच कापला गेलेला कर, म्हणजे टीडीएस, वजा करून ज्याचा वर्षाचा कर १० हजार रुपये किंवा त्याहून अधिक होतो, त्याला आगाऊ कर लागू होतो. साठी ओलांडलेल्या निवासी व्यक्तींना यातून सूट आहे, परंतु ती व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांनाच मिळते. अंदाजित वार्षिक कराच्या १५ टक्के रक्कम १५ जूनपर्यंत, एकूण ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, एकूण ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत भरावी लागते.

अनेकांचा गोंधळ येथेच होतो. जूनचा हप्ता एप्रिल आणि मे महिन्यांतील नफ्यावर बेतायचा नसून संपूर्ण वर्षाच्या अंदाजावर बेतायचा असतो. वर्ष संपल्यावर विवरणपत्रात जो अंतिम कर निघतो, त्याच्याशी प्रत्येक हप्ता ताडून पाहिला जातो. ‘पावसाळ्यात धंदाच नव्हता’ हे कारण तेथे चालत नाही. भांडवली नफा, लाभांश, लॉटरी आणि प्रथमच सुरू झालेला व्यवसाय यांचा अंदाज चुकल्यास, उरलेल्या हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत कर भरला तर व्याज माफ होते. जुन्या व्यवसायाच्या हंगामी चढउताराला अशी माफी नाही.

एक वाट मात्र मोकळी आहे. उलाढालीवर ठरावीक दराने नफा दाखवण्याची कलम ४४एडी खालील योजना ज्याने स्वीकारली आहे, त्याला चार हप्ते नाहीत. त्याने सगळा आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. ही योजना मध्येच सोडली तर पुढील पाच वर्षे तिच्यात परतता येत नाही, आणि त्या काळात चार हप्त्यांचे वेळापत्रक पाळणे भाग पडते.

एक उदाहरण

समजा, बार्देश तालुक्यातील एका अविवाहित मालकाचे आठ खोल्यांचे अतिथिगृह आहे. ४४एडी योजना त्याने पूर्वीच सोडलेली आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीनुसार तो हिशेब मांडतो. मे महिन्यात, गेल्या वर्षाच्या वहीवरून, वर्षाची जमा ४२ लाख, खर्च २४ लाख आणि नफा १८ लाख असा त्याचा अंदाज आहे.

पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढील ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढील ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, त्यानंतरच्या ४ लाखांवर १५ टक्क्यांनी ६० हजार आणि उरलेल्या २ लाखांवर २० टक्क्यांनी ४० हजार रुपये होतात. ही बेरीज १,६०,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर धरला की कर १,६६,४०० रुपये होतो. ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या कंपन्यांमार्फत २४ लाखांचा व्यवहार होईल आणि त्यावर ०.१ टक्के दराने २,४०० रुपये टीडीएस कापला जाईल, असे तो धरतो. उरतात १,६४,००० रुपये.

त्यानुसार जूनमध्ये तो २४,६०० आणि सप्टेंबरमध्ये ४९,२०० रुपये भरतो. हे ७३,८०० रुपये पावसाळ्यात उभे राहणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून एप्रिल-मेच्या जमेतूनच ते त्याने वेगळ्या खात्यात काढून ठेवले होते.

डिसेंबरचा फेरअंदाज

हंगामी धंद्यात अंदाजाची खरी कसोटी डिसेंबरमध्ये लागते. मागील तीन वर्षांच्या वह्या पाहता, एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत वर्षाच्या जमेचा सुमारे ४० टक्के वाटा येतो, असे आपल्या मालकाला आढळले. यंदा नोव्हेंबरअखेर जमा १८ लाख झाली आहे. १८ लाख हे ४० टक्के, तर संपूर्ण वर्षाचे ४५ लाख होतात. बारा महिन्यांची सरळ सरासरी काढली असती तर २७ लाखांचा आकडा आला असता आणि तो पूर्णपणे फसवा ठरला असता.

हा आकडा काढताना दोन गोष्टी जमेतून वगळाव्या लागतात. पाहुण्यांकडून घेतलेला जीएसटी हे उत्पन्न नव्हे. तसेच नाताळ आणि नववर्षाच्या आरक्षणापोटी नोव्हेंबरमध्ये आलेली अनामत, येणे-देणे धरून हिशेब ठेवणाऱ्याच्या वहीत, पाहुणा राहून गेल्यावरच उत्पन्न ठरते. ती नोव्हेंबरच्या जमेत राहिली तर अंदाज नाहक फुगतो.

खर्चाचेही दोन भाग करावेत. भाडे, पगार, कर्जाचे व्याज, घसारा हे खर्च पाहुणे वाढले म्हणून वाढत नाहीत. धुलाई, नाश्ता, आरक्षणाचे कमिशन हे मात्र वाढतात. म्हणून जमा ३ लाखांनी वाढली तरी आपल्या मालकाचा खर्च एकाच लाखाने वाढून २५ लाख होतो आणि नफा २० लाखांवर जातो. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड आणि घरखर्चासाठी केलेली उचल हे खर्च धरता येत नाहीत. बँकेतील शिल्लक पाहून नफा ठरवणारे येथेच चुकतात.

२० लाखांवर उपकरासह कर २,०८,००० रुपये होतो. ऑनलाइन व्यवहारही ३० लाखांपर्यंत वाढल्याने टीडीएस ३,००० रुपये आहे. उरतात २,०५,००० रुपये. याचे ७५ टक्के म्हणजे १,५३,७५० रुपये. त्यातून आधी भरलेले ७३,८०० वजा करून डिसेंबरमध्ये तो ७९,९५० रुपये भरतो. मार्चसाठी ५१,२५० रुपये राहतात.

चूक झाली तर किती पडते?

नव्या अंदाजाने पाहिले तर जूनमध्ये ३०,७५० रुपये भरायला हवे होते, भरले २४,६००. तरीही व्याज लागत नाही. कारण अंतिम कराच्या १२ टक्के रक्कम जूनपर्यंत आणि ३६ टक्के सप्टेंबरपर्यंत भरली असेल, तर कलम २३४सी त्या दोन हप्त्यांवर व्याज आकारत नाही. २,०५,००० चे १२ टक्के बरोबर २४,६०० आणि ३६ टक्के बरोबर ७३,८०० होतात. याचा अर्थ असा, की पहिल्या दोन हप्त्यांच्या वेळी धरलेला कर अंतिम कराच्या निदान चार पंचमांश असला तरी निभावते. आपला मालक नेमका त्या रेषेवर उभा आहे. डिसेंबर आणि मार्चच्या हप्त्यांना अशी सवलत नाही.

त्याने पावसाळ्यात काहीच भरले नसते आणि डिसेंबरमध्ये सगळी थकबाकी पुरी केली असती, तर? चुकलेल्या हप्त्यावर महिना १ टक्का दराने तीन महिन्यांचे व्याज लागते. तूट शंभराच्या पटीत खाली धरतात. जूनच्या ३०,७०० रुपयांवर ९२१ आणि सप्टेंबरच्या ९२,२०० रुपयांवर २,७६६, असे एकूण ३,६८७ रुपये पडले असते. हे व्याज व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होत नाही. तरीही याहून महागडे कर्ज काढून हप्ता भरणे शहाणपणाचे नाही, हेही या आकड्यावरून कळते.

मार्चची चूक अधिक महाग पडते. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ कर म्हणूनच गणली जाते. त्या दिवशी एकूण भरणा ९० टक्क्यांहून कमी असेल तर कलम २३४बी लागू होते आणि १ एप्रिलपासून भरणा होईपर्यंत महिना १ टक्का व्याज चालू राहते. आपल्या मालकाने मार्चचा हप्ता न भरता जुलैमध्ये विवरणपत्रासोबत भरला, तर ५१,२०० रुपयांवर चार महिन्यांचे २,०४८ आणि चुकलेल्या हप्त्याचे ५१२ रुपये द्यावे लागतील. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. उलट हंगाम बुडाला तर पुढचे हप्ते कमी करता येतात आणि जादा भरलेला कर विवरणपत्रानंतर परत मिळतो.

भरणा आयकर खात्याच्या संकेतस्थळावर `e-Pay Tax` येथे होतो. भरण्याचा प्रकार `Advance Tax (100)` हाच निवडावा. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या कायद्यात मात्र त्याच आर्थिक वर्षाला ‘कर वर्ष’ म्हणतात. त्यामुळे २०२६-२७ हाच आकडा दोन वेगळ्या वर्षांच्या कमाईसाठी दिसेल. चलन करण्यापूर्वी तो नेमका कोणत्या वर्षाचा, हे पाहून घ्यावे.

गोव्यातील दांपत्यांसाठी

आपल्या उदाहरणातील मालक अविवाहित आहे, हे मुद्दाम सांगितले. गोव्यातील नागरी कायद्याखाली ज्या पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते, त्यांना कलम ५ए लागू होते. पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. व्यवसाय एकाच्याच नावावर असला तरीही. हाच २० लाखांचा नफा अशा दांपत्याचा असेल आणि दोघांना दुसरे उत्पन्न नसेल, तर प्रत्येकी १० लाख होतात. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून आगाऊ करही उरत नाही.

नफा मोठा असेल, किंवा पत्नीला स्वतःचा पगार असेल, तर अंदाज दोघांचा वेगवेगळा करावा लागतो आणि हप्ते आपापल्या पॅन क्रमांकावर भरावे लागतात. सगळा कर पतीच्या पॅनवर भरला, तर त्याच्या खात्यात जादा रक्कम दिसते आणि पत्नीच्या खात्यात तूट राहून तिच्यावर व्याज चढते. विवाहापूर्वी मालमत्ता स्वतंत्र ठेवण्याचा करार झालेला असेल तर ही वाटणी लागू नाही. म्हणून जूनचा आकडा ठरवण्याआधी आपला विवाह कोणत्या मालमत्ता पद्धतीखाली नोंदला आहे, हे दस्तऐवज काढून पाहावे.