पंचांगातला 'आजचा दिवस' कसा वाचावा?

समजा, जानेवारी अखेरच्या एका सोमवारी मुंबईच्या पंचांगात असे छापले आहे: कृष्ण तृतीया १५:४२, पूर्वा फाल्गुनी १८:१०, सूर्योदय ७:१२, सूर्यास्त १८:२४. मंगळवारच्या ओळीत आहे: कृष्ण चतुर्थी १४:०५. मग अंगारकी मंगळवारी आहे का?

तिथीपुढची वेळ ती संपण्याची असते, सुरू होण्याची नव्हे. नवशिके इथेच चुकतात. सोमवारी दुपारी ३:४२ ला तृतीया संपते आणि लगेच चतुर्थी लागते. ती मंगळवारी दुपारी २:०५ पर्यंत राहते.

तिथी मध्येच का बदलते? चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्याने तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते. म्हणून ती घड्याळाच्या दिवसाशी जुळत नाही. सूर्योदयाला जी तिथी चालू असते, ती त्या दिवसाची मानतात. सोमवारी तृतीया आणि मंगळवारी चतुर्थी छापली जाते ती यामुळेच.

संकष्टीला मात्र चंद्रोदयाची चतुर्थी पाहतात. सोमवारी रात्री चंद्र उगवतो तेव्हा चतुर्थी आहे. मंगळवारी चंद्रोदयाला पंचमी लागलेली असते. म्हणजे संकष्टी सोमवारी, आणि ही अंगारकी नव्हेच. नुसती मंगळवारची चौकट पाहणाऱ्याचा उपास एक दिवस चुकतो.

नक्षत्रही असेच वाचायचे. चंद्र सोमवारी सायंकाळी ६:१० पर्यंत पूर्वा फाल्गुनीत आहे, नंतर उत्तरा फाल्गुनीत जातो. आकाशातल्या चंद्रमार्गाचे २७ समान भाग म्हणजे नक्षत्रे.

आता राहुकाळ. अनेकजण सोमवारचा राहुकाळ ७:३० ते ९ असा पाठ करतात. तो सूर्योदय ६ आणि सूर्यास्त १८ धरून काढलेला असतो. खरी रीत अशी: दिवसमानाचे आठ भाग करायचे आणि सोमवारी दुसरा भाग घ्यायचा. इथे दिवसमान ११ तास १२ मिनिटे, म्हणून एक भाग ८४ मिनिटांचा. पहिला भाग ८:३६ ला संपतो, तेव्हा राहुकाळ ८:३६ ते १०:०० येतो. नागपुरात सूर्य सुमारे वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो, त्यामुळे तिथली वेळ वेगळी असते. मोबाइलवर फिरणारे पंचांग कोणत्या गावाचे आहे, हे आधी पाहावे.

तिथी, नक्षत्र आणि सूर्योदय गणिताने काढतात आणि आकाशात पडताळता येतात. राहुकाळाची वेळही गणितानेच निघते, पण ती अशुभ का, याचे उत्तर परंपरेत आहे, खगोलशास्त्रात नाही.